नाव इकडं, पोर तिकडं

निवृत्त झाल्यावर आपल्याला कोणी काही विचारत नाही, अशी माझी समजूत होती. शासनानं पहिलीपासून तिसरी भाषा शिकवायचा निर्णय काढला आणि ती समजूत पार मोडीत निघाली. भाचीचा फोन, शेजारच्या निवृत्त कारकुनांचा फोन, मुलाच्या मित्राचा फोन. प्रश्न एकच, "तुम्ही बाजूनं की विरोधात?" पुढं विरोध पेटला, निर्णय शब्द बदलून पुन्हा आला, मग मागं घेतला गेला आणि समिती बसली. फोन काही थांबले नाहीत.

मला या प्रश्नाचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही. म्हणून मी प्रत्येकाला अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावची हकिगत सांगायला घेते. बहुतेकजण अर्ध्यात 'दुसरा फोन येतोय' म्हणून सटकतात. तुम्ही दिवाळी अंक हातात धरून निवांत बसला आहात, तेव्हा तुमची सुटका नाही.

आधी माझी नोकरी सांगते. मी जिल्हा परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी होते. नाव भारदस्त आहे. शिक्षणाचा विस्तार किती झाला देव जाणे, एसटीच्या बाकावर बसून माझा मात्र भरपूर झाला. शाळांना भेटी देणं, पोरांना काय येतं ते बघणं, पट तपासणं आणि वरच्यांनी पाठवलेला आदेश खालच्यांना समजेल अशा भाषेत सांगणं, हे माझं काम. शेवटचं काम सगळ्यात अवघड, कारण तो आदेश आधी मलाच समजावा लागायचा.

जन्म माझा सोलापूरच्या पूर्व भागातला, मागवाल्यांच्या, म्हणजे विणकरांच्या घरातला. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी. आमच्या पहिलीच्या वर्गात निम्मी पोरं तेलुगू घरातली होती. बाई मराठीतून काहीतरी छान सांगायच्या, वर्गातली दोन-चार पोरं हसायची आणि ती हसली की आम्ही हसायचो. कशाला हसलो ते तिसरीत गेल्यावर कळायला लागलं. आजही मी पाढे मराठीत म्हणते, पण राग आला की तेलुगूत येतो. त्यामुळं कुठल्या पोराला वर्गात काय कळत नसेल, याचा अंदाज मला जरा लवकर यायचा.

आता थोडं शास्त्र. भाषेच्या वादात दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक, शाळेत किती भाषा विषय म्हणून शिकवायच्या. दुसरी, गणित, परिसर अभ्यास, बाकी सगळं कोणत्या भाषेतून शिकवायचं. पहिली गोष्ट म्हणजे त्रिभाषा सूत्र. दुसरी म्हणजे माध्यम. सूत्र देशात जुनं आहे. एका राज्यानं ते कधीच मानलं नाही आणि दोनच भाषा ठेवल्या. उत्तरेकडं कागदावर तीन आणि वर्गात बहुधा दोनच. नव्या राष्ट्रीय धोरणानं सांगितलं की तीनपैकी किमान दोन भारतीय असाव्यात, कुठली कोणावर लादायची नाही, आणि शक्य असेल तिथं निदान पाचवीपर्यंत माध्यम घरच्या भाषेचं असावं. 'शक्य असेल तिथं' हे तीन शब्द सगळ्या धोरणांत असतात. आम्हा विस्तार अधिकाऱ्यांची अख्खी नोकरी त्या तीन शब्दांत जाते.

आणि ज्या पहिलीपासूनच्या तीन भाषांवरून राज्यात एवढं रान पेटलं, त्या आमच्या सीमेवरची पोरं कित्येक वर्षं बिनबोभाट शिकत होती. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. तिथं पहिलीपासून कन्नड आहे, कारण ती घरची. मराठी आहे, कारण ती राज्याची आणि सक्तीची. इंग्रजी आहे, कारण ती सगळ्यांनाच हवी. पुढं पाचवीला हिंदीही येते. शहरातल्या उर्दू शाळांचंही तेच. सुधारित निर्णयात अशी अट होती की हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस मुलांनी ती मागितली पाहिजे. ते वाचून मला हसू आलं. आमच्या अर्ध्या शाळांत सगळे वर्ग मिळून वीस पोरं नसतात.

तर ते गाव. नाव सांगत नाही. अक्कलकोटहून पुढं, जिथं दुकानाची पाटी मराठीत आणि दुकानातलं बोलणं कन्नडमध्ये असतं, अशा पट्ट्यातलं. तिथं एकाच आवारात दोन शाळा होत्या. डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड, मध्ये कमरेएवढी भिंत. हापसा एक, पोषण आहाराची चूल एक, घंटाही एक. कन्नड शाळेत लहान वर्गांना महादेवीबाई होत्या. बाई त्याच तालुक्यातल्या, अंगानं बारीक, आवाजानं खणखणीत. मराठी शाळेत तीन शिक्षक, त्यातले सगळ्यात कनिष्ठ शिंदे गुरुजी. ते करकंबचे. बागायती भागात वाढलेला माणूस, कन्नडचा एक शब्द येत नव्हता, आणि नेमकी पहिली त्यांच्या गळ्यात.

मी गेले ती पटपडताळणीला. हा प्रकार बाहेरच्यांना सांगायला हवा. सप्टेंबरअखेर शाळेत किती मुलं आहेत त्यावर पुढं संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरतं. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, साठाच्या वर गेली की तिसरा, आणि मुलं मूठभरच उरली की दुसऱ्यावरही गदा. मूल कुठल्या भाषेत शिकतं ते कोणी मोजत नाही, नाव कुठल्या शाळेत आहे ते मोजतात. आणि माध्यमाचा शिक्षक त्या माध्यमापुरताच. कन्नड शाळेतलं पद मराठी शाळेला उपयोगाचं नाही, मराठीचं कन्नडला नाही. म्हणून एका आवारात एकीकडं दाटी आणि दुसरीकडं ओस, असंही होतं.

त्या कन्नड शाळेचा पट वर्षावर्षाला उतरत होता. गावातली माणसं पोरांची नावं मराठी शाळेत घालत होती. या वर्षी महादेवीबाईंचं पद जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. मराठी शाळा मात्र साठाच्या थोडीशी वर होती, म्हणून शिंदे गुरुजींचं पद शाबूत.

मराठी शाळेत पहिलीच्या वर्गात गेले तर वर्ग रिकामा. पाट्या नाहीत, दप्तरं नाहीत, पोरं नाहीत. फळ्यावर जूनमधली तारीख. पट दाखवायचा आणि पोरं नसायची, याला आमच्याकडं बोगस पट म्हणतात, आणि त्यात शिक्षकाची नोकरी जाऊ शकते.

"गुरुजी, पहिली कुठं आहे?"

शिंदे गुरुजी शेजारच्या वर्गात तिसरी शिकवत होते. ते शांतपणे बाहेर आले आणि भिंतीपलीकडं बोट केलं. "ती काय तितं हाय. बाईंच्याकडं."

"तिथं कशी? नावं तुमच्याकडं आहेत ना?"

"नाव हितं हाय मॅडम. पोरं तितं बसत्यात."

भिंतीला एका जागी दोन दगड पडून खिंडार झालं होतं. त्यातून मी पलीकडं गेले. महादेवीबाईंच्या वर्गात त्यांची स्वतःची पाच-सहा पोरं आणि मराठी शाळेची अख्खी पहिली दाटीवाटीनं बसली होती. बाई चिंचोक्यांची बेरीज शिकवत होत्या. पोरं ओरडून उत्तरं देत होती. दोघं भांडत होती, एक जण तक्रार सांगत होता, बाई एकाला दटावून दुसरीला "बा, कुंद्रु," म्हणजे 'ये, बस' म्हणत होत्या. पहिलीचा वर्ग जसा असायला हवा तसा तो होता. माझा राग तिथंच निम्मा उतरला, उरलेला मी पदाला शोभावा म्हणून धरून ठेवला.

ऑफिसच्या खोलीत मी दोघांना समोर बसवलं. ही कुणाची कल्पना, असं विचारलं. दोघांनीही एकदम "माझी" म्हटलं. मी म्हटलं, एकानंच गुन्हा कबूल करा, मला दोन चौकश्या लावायला वेळ नाही. तेव्हा शिंदे गुरुजींनी सांगितलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात गंगू नावाची एक पोर सकाळपासून कानाला हात लावून रडत होती. गुरुजींनी बिस्कीट दिलं, पाणी दिलं, मांडीवर बसवलं. पोर काहीतरी सांगत होती, पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. गुरुजींना वाटलं आई आठवते आहे. मधल्या सुट्टीत महादेवीबाई हापशावर आल्या, त्यांनी ऐकलं आणि सरळ तिला दवाखान्यात नेलं. कानात किडा गेला होता.

"तिनं सांगितलं हुतं मॅडम," शिंदे गुरुजी म्हणाले. "धा येळा सांगितलं हुतं. मलाच कळलं न्हाय. मग मी म्हनलं, हिच्या कानात काय हाय ते मला कळंना, तर हिच्या डोक्यात काय चाललंय ते काय कळणार? बाईंना म्हनलं, दोन वर्सं तुमी सांभाळा. वाचायला लागली, धीट झाली की मग मी घेतो."

बदल्यात गुरुजी रोज शेवटचा तास कन्नड शाळेत जाऊन सगळ्या पोरांशी मराठी बोलायचे. पुस्तक न उघडता. बैल, ऊस, बाजार, क्रिकेट, जे असेल ते. बाई हसून म्हणाल्या, "आमच्या पोरांना मराठी पुस्तक येतंय मॅडम, मराठी माणूस येत न्हाय. तो गुरुजींनी आणला की."

मी तपासणीसाला शोभेल असं एक काम केलं. मराठी शाळेतल्या चौथीच्या एका हुशार मुलाला बोलावलं. तोही कन्नड घरातला, पण ही व्यवस्था सुरू व्हायच्या आधीचा, पहिल्या दिवसापासून मराठीत बसलेला. त्याला मराठीतली एक गोष्ट वाचायला दिली. त्यानं न अडखळता धडाधड वाचली. शासनाच्या वाचन चाचणीत तो पहिल्या रांगेत बसला असता. मी विचारलं, "शेवटी कोल्हा का पळाला?" मग त्यानं गोष्टीतलं शेवटचं वाक्य पुन्हा एकदा स्वच्छ वाचून दाखवलं.

मग कन्नड शाळेतली चौथीची मुलगी बोलावली. तिनं तीच मराठी गोष्ट हळू वाचली, दोनदा अडली, एका शब्दापाशी थांबून मलाच विचारलं, "ह्येचा अर्थ काय हो, मॅडम?" सांगितला. मग कोल्हा का पळाला ते तिनं सांगितलंच, वर त्या पट्ट्यातल्या पोरी बोलतात तसं, पोरांसारखं म्हणाली, "मी आसतो तर पळालो नसतो."

ज्यांना वाटतं की लवकर मराठीत टाकलं की लवकर मराठी येते, त्यांना मी ही दोन पोरं दाखवली असती. वाचायला एकदाच शिकायचं असतं, आणि ते समजणाऱ्या भाषेत शिकलं की दुसऱ्या भाषेत फार कष्ट पडत नाहीत. कन्नडची लिपी वेगळी, अक्षरं गोल, पण क-ख-ग-घ ची रांग तीच. बाई तर फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी लिहायच्या. एका प्रशिक्षणात आम्हाला जगाची उदाहरणं सांगितली होती. टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि पुढची एकदम इंग्रजीत, तिथं पोरं भाषा बदलताच गप्प होतात. फिलिपिन्सनं घरच्या भाषेतून शिकवणं सक्तीचं केलं, पण त्याला शिक्षक आणि पुस्तकं पुरत नव्हती. ते ऐकताना मला झोप आली होती. या भिंतीपाशी उभी राहिले तेव्हा ते सगळं नीट समजलं. भाषा कुठली यावर सगळे भांडतात, आणि ती कधी, कशी आणि कोणी बदलायची हे शाळेवर सोडून देतात.

पण मला पट द्यायचा होता. आणि त्यात आता चलाखीला जागा नव्हती. प्रत्येक मुलाची नोंद आधारशी जोडलेली, ऑनलाइन. नाव एका शाळेत आणि पोर दुसरीत, हे मी डोळ्यांनी बघून सोडून देऊ शकत नव्हते. आधी मी मधला रस्ता काढायचा प्रयत्न केला. वरच्या कार्यालयात फोन करून विचारलं, दोन्ही शाळा मिळून पहिली-दुसरीचा एक द्विभाषिक वर्ग मान्य करता येईल का? उत्तर आलं, "मॅडम, माध्यम एकच लिहिता येतं. दोन लिहिलं तर संगणक घेत नाही." राज्यघटनेनं अल्पसंख्य भाषेच्या लहान मुलांना मातृभाषेतून शिकायची सोय द्या असं सांगितलं आहे. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं त्या भाषेची असतील तर शिक्षक द्या, हे सूत्रही स्वातंत्र्यानंतर लगेचच ठरलं होतं. संगणकाला त्यातलं काहीच कोणी सांगितलं नव्हतं.

मी शिंदे गुरुजींना ओसरीत बाजूला घेतलं आणि हिशेब स्पष्ट सांगितला. रस्ते दोन. पहिला, उद्यापासून पोरं तुमच्या वर्गात परत आणा. तुमचं पद राहील, बाईंचं जाईल, कोणी काही विचारणार नाही. दुसरा, पालकांनी अर्ज करून नावं कन्नड शाळेत न्यायची. मग बाईंचं पद वाचेल, पण तुमची शाळा साठाच्या खाली येईल. तिसरं पद जाईल. कनिष्ठ तुम्ही. तुम्ही अतिरिक्त ठराल आणि जिल्ह्यात जिथं जागा असेल तिथं समायोजन होईल. या तालुक्यात मराठीच्या जागा भरलेल्या आहेत. करमाळ्याकडं जावं लागेल बहुतेक.

करमाळा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. गुरुजींची बायको अक्कलकोटच्या दवाखान्यात परिचारिका होती, पोरगा लहान होता. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी तिथं बिऱ्हाड केलं होतं.

गुरुजींनी खिंडाराकडं बघितलं. मग म्हणाले, "करमाळ्यात कन्नड बोलत्यात का, मॅडम?"

"नाही."

"मग तितं मला समद्यांचं कळंल की."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, घरी विचारा, घाई करू नका. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. बायको काय म्हणाली, असं मी विचारलं. "म्हनली, त्या पोरीच्या कानाची गोष्ट तुमीच मला रडत सांगितली हुती. आता मला काय विचारताय?"

पण गुरुजी तयार झाले म्हणून प्रश्न सुटत नव्हता. नावं बदलायचा हक्क पालकांचा, आणि पालकांना कन्नड शाळा नको होती. शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलावली. समितीचे अध्यक्ष शरणप्पा, गंगूचे वडील, गावात खत-बियाण्यांचं दुकान. माणूस सरळ, आणि सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच.

मराठी-इंग्रजीच्या ओढीनं पालक आंधळे झालेत, असं पुढारी म्हणतात. मी कधी म्हटलं नाही. सोलापुरात एक रिक्षावाले माझ्याकडं यायचे. त्यांची तक्रार अशी की पोराला इंग्रजी शाळेत घातलंय, पण शाळा सगळे निरोप इंग्रजीत पाठवते, तेव्हा मॅडमनी शाळेला आदेश द्यावा की शिकवा इंग्रजीत, पण आमच्याशी मराठीत बोला. ऐकायला गंमत वाटते, पण त्या माणसाला स्वतःला काय कळतं आणि पोरासाठी काय हवं, दोन्ही नेमकं माहीत होतं. शरणप्पांचंही तसंच होतं.

"कन्नड आमची आईची भाषा हाय, मॅडम," ते सभेत उभे राहून म्हणाले. "घरात देवाम्होरं आमी कन्नडच बोलतो. पन तालुक्याला गेलं, मराठी. कोर्टात, मराठी. पोरगी सोलापूरला कॉलेजला गेली तर मराठी न्हायतर इंग्रजी. मी कन्नड शाळेत शिकलो. पहिल्यांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात गेलो तवा भाव विचारायला मला लाज वाटली. तसं माझ्या पोरीचं व्हायला नगं. चूक हाय का माझं?"

सगळ्या सभेनं माना डोलावल्या. मी कलमं सांगितली असती तर सभा तिथंच संपली असती.

महादेवीबाई उठल्या. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं आणि मग माझ्यासाठी मराठीत सांगितलं, "मी ह्यांना विचारते, तुमाला कन्नड शाळेनं मराठी बोलायला शिकीवलं न्हाय, हे खरं. मग आता शिकीवती का न्हाय, ते बघायला किती जण आलाव? रोज शेवटच्या तासाला दार उघडंच आसतंय." मग त्यांनी आपल्या दुसरीच्या पोरांना आत बोलावलं. जूनपासून रोज गुरुजींच्या शेवटच्या तासाला बसणारी ती पोरं. शरणप्पांना म्हणाल्या, भाव विचारा त्यांना.

शरणप्पा गोंधळले, पण दुकानदार माणूस. मराठीतून म्हणाले, "काय रं, युरियाची पिशवी केवढ्याला?"

एक काळंसावळं पोरगं पुढं झालं. "तुमी आदी सांगा, कितीला देनार? मग मी कमी करतो."

सभा खो खो हसली. शरणप्पाही हसले. पण बसले नाहीत. "बरं हाय. पन पुढं काय? चौथीपतूर कन्नड, मग?"

आता शिंदे गुरुजी उठले. "पहिली-दुसरी बाईंच्याकडं, नाव पन तितं. मराठी पहिल्या दिवसापास्नं. तिसरीला पोरगं हितं मराठी शाळेत आना. भिंत ओलांडायची फकस्त. वाचाय येतंय, बोलाय येतंय, मग कसली आडचन?"

"आणि तिसरीला घेतलं न्हाय तर?" मागून कोणीतरी विचारलं.

हे माझं काम होतं. मी सांगितलं, शिक्षण हक्काच्या कायद्यानं मूल कुठल्याही कारणानं शाळा बदलू शकतं. मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा त्याला नाकारू शकत नाही. वयाप्रमाणे वर्ग मिळतो. कन्नडमधून मराठीत येणं ही मेहरबानी नाही.

शरणप्पांनी ते नीट ऐकून घेतलं. मग त्यांच्या हिशेबी डोक्यात काहीतरी जुळलं असावं. त्यांनी गुरुजींकडं बघितलं. "नावं तिकडं गेली तर तुमचा पट? तुमचं काय, गुरुजी?"

"माझं मी बघतो की," गुरुजी म्हणाले. "तुमी पोरीचं बघा. तिसरीला हितं शिक्षक आसंल, येवढं मी सांगतो."

कुठला शिक्षक असेल ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. शरणप्पा खुर्चीवर बसले आणि त्यांनी कन्नडमध्ये बायकोला काहीतरी विचारलं. ती मागं बायकांच्यात बसली होती. तिनं मान हलवली. त्यांनी पहिला अर्ज केला. मग इतरांनी केले. मी पट दिला, खरा दिला, जिथं पोर तिथं नाव. कन्नड शाळेचं पद वाचलं.

सरकारी यंत्र हळू चालतं, पण चालतं. संचमान्यता आली, अतिरिक्त शिक्षकांची यादी लागली, नवी शाळा निवडायला समुपदेशनाला बोलावलं. तोवर गंगू दुसरी संपवत आली होती. शिंदे गुरुजींना करमाळ्याच्या बाजूची एक शाळा मिळाली. बायकोची नोकरी अक्कलकोटला, ती आणि पोरगा तिथंच राहिले. गुरुजी शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे, असं पुढची कित्येक वर्षं चाललं. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि चीडही येते. दोन भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या पोरांसाठी हा माणूस स्वतः उभा राहिला, आणि आमच्याकडं त्याला उभं राहायला एक रकाना नव्हता.

निरोपाच्या दिवशी मी मुद्दाम गेले. दोन्ही शाळांची पोरं एकाच पटांगणात बसवली होती. महादेवीबाईंनी चार वाक्यं बोलायचं ठरवलं होतं, दोनावरच थांबल्या. शरणप्पांनी गुरुजींना शाल दिली आणि त्यांच्याकडं न बघता बाजूला झाले. मग मुलांच्या मनोगताची वेळ आली. गंगू उभी राहिली. तिला बाईंनी कन्नडमध्ये भाषण पाठ करून दिलं होतं. तिनं ते म्हटलंच नाही. सरळ गुरुजींच्या समोर जाऊन कमरेवर हात ठेवून मराठीत सुरू झाली.

"गुरुजी, तुमीच म्हनला हुताव, तिसरीला हितं ये. मी मराठी शिकलो. समदं बोलतो आता. पुस्तक पन वाचतो, आर्थ पन सांगतो. आता जूनला मी भिंत ओलांडून येनार, तर तुमी का चाललाव?"

तिला जायचं कारण माहीत नव्हतं. तिथल्या सगळ्या मोठ्या माणसांना माहीत होतं, आणि त्या सगळ्यांनी खाली बघितलं. मीसुद्धा.

गुरुजी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. बोलायला तोंड उघडलं, पण मराठीत काही आलं नाही. मग दोन वर्षांत बाईंच्या वर्गाबाहेर उभं राहून जेवढं कानावर पडलं होतं, त्यातलं त्यांनी हळूच म्हटलं, "होगि बर्तीनि, गंगू."

जाऊन येतो, गंगू. तिचा रुसवा जागच्या जागी गेला. ती वळून सगळ्यांना ओरडून सांगत सुटली, "गुरुजींना कन्नड येतंय!" मी रुमालानं डोळे पुसत होते, आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं ते तेलुगूत आलं.